मदत हवी आहे: तीन शिफ्टच्या ऑफिसात फायर ड्रिलची सूचना कशी लिहावी?

निंबोणी

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, तळमजला आणि वर दोन मजले. कागदपत्रं तपासून कॉम्प्युटरवर चढवायचं काम. शिफ्ट तीन: सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १० आणि रात्री १० ते ६. मी ॲडमिनला आहे. साहेबांनी सांगितलंय की अग्निशमन सप्ताहात, म्हणजे १४ ते २० एप्रिलमध्ये, ड्रिल आणि थोडं ट्रेनिंग उरकून टाक.

मागच्या वर्षीची गंमत सांगते. सूचनेत "सकाळी ११ वाजता" असं लिहिलं होतं. पावणेअकरालाच अर्धी मंडळी पिशव्या आणि हेल्मेट घेऊन जिन्यात हजर. सायरन वाजला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दोनच जण होते, त्यातला एक डबा बांधत होता. फोटो झाले, चहा झाला. बाकीच्या दोन शिफ्टना तर काही कळलंच नाही.

या वेळचा मसुदा असा आहे:

"सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की दि. १४ एप्रिल रोजी दुपारी २ वाजता फायर ड्रिल घेण्यात येईल. सायरन वाजताच सर्वांनी लिफ्ट न वापरता मुख्य गेटजवळील निंबाच्या झाडाखाली जमावे. स्वयंसेवकांनी सहकार्य करावे."

दुपारी २ अशासाठी की तेव्हा दोन शिफ्ट एकदम सापडतात. रात्रपाळीचं नंतर बघू. यात काय सुधारू?

भुसावळकर

एका कारखान्यात सेफ्टी बघत बरीच वर्षं काढली, म्हणून आगाऊपणे लिहितो.

पहिली गोष्ट तारीख. १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. सुट्टी तर आहेच, शिवाय संध्याकाळी मिरवणूक, म्हणजे अग्निशमन केंद्राची गाडी आणि माणसं तिकडच्या बंदोबस्तात. तुम्ही बोलावलंत तरी कोण येणार? सप्ताहातला दुसरा दिवस घ्या.

दुसरी गोष्ट २ वाजता. तुम्हाला वाटतं दोन शिफ्ट सापडतील. मला विचाराल तर तेव्हा एकही सापडत नाही. पहिल्या शिफ्टची काही माणसं पंच करून पार्किंगमध्ये, काही पंच न करता टेबलाशी. दुसऱ्या शिफ्टची काही गेटवर, काही जिन्यात. अशा वेळी कोण आत आहे हे कुठल्याच कागदावर नसतं. आणि ड्रिलचा सगळा जीव त्या एका आकड्यात आहे. माणसं बाहेर पडतातच हो, पायांना शिकवावं लागत नाही. आत कोणी राहिलं का, हे पाच-सात मिनिटांत छातीठोक सांगता येतं का, ते खरं तपासायचं.

म्हणून प्रत्येक शिफ्टची ड्रिल वेगळी, शिफ्ट सुरू होऊन तासभर झाल्यावर. तिन्ही नीट जमल्या की मग पावसाळ्यानंतर एक ड्रिल मुद्दाम शिफ्ट बदलताना घ्या, न सांगता. तेव्हा कळेल किती पाण्यात आहोत.

जुना स्विच

मसुद्यात सगळ्यात महत्त्वाचं राहिलंय. सायरन वाजला की आधी मेन स्विच पाडायचा! बऱ्याच आगी शॉर्टसर्किटच्या. एक इलेक्ट्रिशियन नेमा आणि त्याचं नाव सूचनेत टाका.

केळीबाग

आमच्या सोसायटीत आग विझवायचे तीन सिलिंडर लावलेत, तिन्हींचा काटा लाल पट्ट्यात आहे. रिफिल कोणाकडून करावं? सेक्रेटरी म्हणतात अजून वर्ष चालतील.

भुसावळकर

केळीबाग, काटा लाल पट्ट्यात म्हणजे आतला दाब गेला. ऐनवेळी नुसती फुस्स पावडर पडेल. वर्षाची वाट बघू नका. लायसन्सवाली एजन्सी बोलवा; आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, तिनेच जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, तेव्हा ती तुमच्याकडे फिरकली का तेही सेक्रेटरींना विचारा. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा भो.

जुना स्विच, माणूस नेमा हे बरोबर. पण "आधी मेन पाडा" यात दोन घोळ आहेत. कोणी सवयीने लिफ्टमध्ये शिरलं असेल तर ते मधेच लटकेल. आणि ज्या ऑफिसात ऑटो पॅनेलवाला जनरेटर आहे तिथे मेन पडली की जनरेटर आपोआप सुरू होतो, म्हणजे जळत्या मजल्यावर वीज परत हजर. यूपीएसच्या बॅटऱ्या तर चालूच असतात. म्हणून त्या माणसाचा क्रम असा: लिफ्ट खाली आणून रिकामी झाल्याची खात्री, मग जनरेटरचा सिलेक्टर ऑफवर, मग मेन, मग यूपीएसचं आउटपुट. आगीच्या पंपाची लाइन मेनच्या आधीच वेगळी काढलेली हवी, ती तोडायची नाही. ड्रिलमध्ये खरोखर काही पाडू नका, नाहीतर चाललेलं काम उडेल आणि पुढच्या वेळी साहेब ड्रिलच नाकारतील. त्याने फक्त एकेका स्विचवर बोट ठेवून मोठ्याने बोलून दाखवायचं.

जुना स्विच

जनरेटरचं डोक्यात आलं नव्हतं, खरं आहे. पण आग पॅनेलमध्येच असेल तर लिफ्टची वाट बघत बसणार का? माझं मत तेच, आधी मेन.

निंबोणी

बाप रे, आमच्याकडे ऑटोवालाच जनरेटर आहे. गेल्या महिन्यात लाइट गेले तेव्हा दहा सेकंदांत सुरू झाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

निंबाच्या झाडाचं काय? सावली तेवढीच आहे हो. एप्रिलमध्ये ४२ पारा असताना माणसं उघड्यावर उभी कशी करू?

तापीकाठ

गेटजवळ नको. आमच्याकडे एकदा खरंच गोडाऊनला आग लागली होती (दाल मिल, शेजारची). सगळे गेटवर जमले, त्यात बघे, त्यात दुचाक्या. बंबाला आत शिरायला जागाच नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि आमचे लोक मोबाइलवर शूटिंग करतायत.

भुसावळकर

तापीकाठ यांनी माझं काम केलं. गेट बंबाचं. निंबोणी, तुमच्या इमारतीच्या मागे किंवा बाजूला काय आहे? उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तेव्हा पूर्वेची बाजू धुराची. काचेच्या भिंतीखाली आणि ट्रान्सफॉर्मरजवळ उभं करू नका. सावली नसेल तर ड्रिल सकाळी ७ आणि संध्याकाळी ६:३० ला ठेवा, पण जागा सावलीसाठी बदलू नका. खरी आग मे महिन्यात दुपारी ३ ला लागली तरी माणसं तिथेच जाणार आहेत. तिथे एक ग्रीन नेट बांधून घ्या आणि पाण्याचा जार ठेवा, हजार-दोन हजारांचं काम.

निंबोणी

पश्चिमेला शेजारच्या पाइप कंपनीच्या कुंपणालगत आमची मोकळी जागा आहे, भंगार टेबलं पडलीत. ती हलवून घेते.

आता शेवटचं. स्वयंसेवकांना नेमकं काय सांगू? "सहकार्य करावे" हे मलाच वाचून हसू आलं.

भुसावळकर

नाव नको, खुर्ची लिहा. "अमुक ताई फ्लोअर वॉर्डन" असं लिहिलंत आणि ताई त्या दिवशी लग्नाला धरणगावला गेल्या, की मजला निराधार. "त्या शिफ्टचा टीम लीडर, तो नसेल तर जिन्याजवळच्या पहिल्या टेबलावरचा" असं लिहा. मजल्यावर दोघं पुरे. एक पुढे जिन्याचं दार धरून उभा, दुसरा सगळ्यात शेवटी, बाथरूम, मीटिंग रूम आणि पॅन्ट्री उघडून बघणारा. दार लोटायचं, हाक मारायची, पुढे जायचं. धूर दिसला तर शिरायचं नाही, खाली येऊन सांगायचं.

गेटवरचा वॉचमन रजिस्टर घेऊनच बाहेर येणार, आणि बंब आला तर वाट दाखवणार. रात्री तोच एकटा असतो, म्हणून रात्रपाळीत रजिस्टर दुसऱ्या कोणाकडे द्या. मोजणी करणारा एकच, ओरडणारे दहा नकोत. कोणी गरोदर असेल, पाय दुखावला असेल, तर त्यांच्यासोबत कोण हे आधी त्यांना विचारून ठरवा, बोर्डावर लावू नका.

आणि बायोमेट्रिकवर विसंबू नका. मशीन आतच जळत असतं, आणि कॅन्टीनवाला, झाडणाऱ्या मावशी, कुरिअरवाला त्यात नसतातच.

ड्रिलच्या आधी अग्निशमन केंद्राला आणि शेजारच्या कंपन्यांना कळवा, नाहीतर सायरन ऐकून कोणीतरी १०१ फिरवतो.

निंबोणी

हा घ्या नवा मसुदा:

"दि. १६ एप्रिल रोजी तिन्ही शिफ्टमध्ये स्वतंत्र फायर ड्रिल होईल. पहिली शिफ्ट: सकाळी ७ ते ८ दरम्यान. दुसरी शिफ्ट: सायंकाळी ६ ते ७ दरम्यान. रात्रपाळी: ११ ते १२ दरम्यान. नेमकी वेळ सांगितली जाणार नाही. सायरन सलग वाजताच हातातले काम सोडून, पिशवी व हेल्मेट न घेता, जिन्याने उतरून पश्चिमेच्या कुंपणालगत हिरव्या जाळीखाली आपापल्या टीम लीडरजवळ उभे राहावे. नाव घेतले जाईपर्यंत जागा सोडू नये. चहाच्या टपरीवर असाल तरी तिथेच यावे. ड्रिलनंतर २० मिनिटे सिलिंडर चालवण्याचे प्रात्यक्षिक होईल. ते कामाच्या वेळेत धरले जाईल. शेवटी पाहणारे, मोजणारे व वीज पाहणारे कोण, याचा तक्ता प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ लावला आहे."

भुसावळकर

झकास. टपरीचं वाक्य मलाही सुचलं नसतं. रात्री ११ ला मात्र सगळे ताजेतवाने असतात. खरी परीक्षा पहाटे ४ ची.

तापीकाठ

पहाटे ४ ला सायरन? मुली असतात रात्रपाळीत, अंधारात कुंपणाजवळ उभ्या करणार? आधी तिथे लाइट लावा, मग बोला.

निंबोणी

लाइटचं खरंच आहे, तिथे बल्बसुद्धा नाही. ११ च ठेवते सध्या, आणि हॅलोजन मागते.

निंबोणी (१७ एप्रिल)

कळवते. सकाळी माणसं चार मिनिटांत बाहेर, पण मोजणीला अकरा लागली. संध्याकाळचा हिशेब सांगते: हजेरीत ५८, कॅन्टीन, मावशी आणि वॉचमन मिळून ५, एक पाहुणा, एकूण ६४. जाळीखाली ६०. चौघांत दोघे टपरीवर निघाले, सूचना वाचूनही. एक जण दुपारीच अर्धी रजा टाकून पंच न करता घरी गेला होता. त्याला फोन लागेपर्यंत सगळे हवालदिल.

चौथा सापडला तो यूपीएसच्या खोलीत. पंख्यांच्या घरघरीत त्याला सायरन ऐकूच आला नाही, आणि शेवटी बघणाऱ्याच्या यादीत ती खोली नव्हती. "काय झालं, सुट्टी झाली का?" म्हणाला. यादीत खोली टाकली. पण तिथे आत अजून एक हूटर लावावा की चमकणारा दिवा? कोणी लावलंय का?