मदत हवी आहे: तपासणी-पट्टीवरील रेषेचा गडदपणा मोबाईलच्या फोटोवरून मोजताना पार्श्वभूमी कशी वजा करावी?

वेचणी:
नमस्कार. मी परभणीत कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते. बीटी कपाशीच्या पानांतील क्राय१एसी हे प्रथिन पिकाच्या वयानुसार कसे घटत जाते, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. एलायझा परवडत नसल्यामुळे मी तपासणी-पट्ट्या वापरते. पानाची एक चकती नळीत द्रावणाबरोबर चिरडायची, त्यात पट्टी उभी करायची आणि दहा मिनिटांनी फोटो काढायचा, अशी माझी पद्धत आहे. वरची नियंत्रण-रेषा प्रत्येक पट्टीवर येते. खालची चाचणी-रेषा पिकाचे वय वाढेल तशी फिकी होत जाते, आणि मला हा फिकेपणा आकड्यात हवा आहे.

सध्या मी फोटोतील हिरव्या रंगाचे मूल्य घेते आणि पट्टीच्या टोकाजवळच्या कोऱ्या भागाच्या मूल्यातून रेषेचे मूल्य वजा करते. साठ दिवसांच्या पानाची पट्टी खिडकीजवळ ठेवली तेव्हा कोरा भाग 200 आणि रेषा 160, म्हणजे फरक 40 आला. तीच पट्टी लगेच ट्यूबलाईटखाली नेली तर 130 आणि 103, म्हणजे फरक केवळ 27. एकशे पाच दिवसांच्या पानाचा खिडकीजवळचा फरक 29 आहे. म्हणजे जागा बदलल्याने पडणारा फरक पिकाच्या पंचेचाळीस दिवसांच्या फरकापेक्षाही मोठा ठरतो. पार्श्वभूमी कुठून घ्यावी आणि ती कशी वजा करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

काळी_माती:
ताई, आमच्या अंबड भागात पट्टीवर रेघ आली की बियाणे बीटी आणि नाही आली की साधे, एवढेच पाहिले जाते. मागच्या हंगामात माझ्या कपाशीच्या पानांवर रेघ ठळक आली होती, तरी दिवाळीनंतर बोंडे फोडली तेव्हा आत गुलाबी अळी सापडली. रेघ किती गडद असली म्हणजे अळी मरते, तेवढे तुमच्या मोजणीवरून कळले तर आम्हाला उपयोग होईल.

प्रतिमा_गणक:
यासाठी कोड लिहिण्याची गरज नाही. ImageJ उघडून `Process > Subtract Background` घ्यावे, `Light background` वर खूण करावी आणि त्रिज्या 50 ठेवावी, म्हणजे सावली निघून जाते. त्यानंतर चाचणी-रेषेच्या आकड्याला नियंत्रण-रेषेच्या आकड्याने भागावे. दोन्ही रेषांवर उजेड सारखाच पडलेला असतो, त्यामुळे उजेडाचा प्रश्न आपोआप मिटतो.

वेचणी:
सर, आपण सांगितले तसे करून पाहिले. त्रिज्या 50 ठेवल्यावर पट्टीच्या एका टोकाकडे जाणारी सावली खरोखरच गेली, पण दोन फोटोंतील आकडे 40 आणि 27 च्या आसपासच राहिले. चुकून त्रिज्या 5 ठेवली तर रेषाच जवळजवळ पुसली गेली. नियंत्रण-रेषेने भागल्यावर एकाच पट्टीचे दोन फोटो जुळतात, हे आपले म्हणणे बरोबर ठरले. मात्र एकाच पानाच्या तीन पट्ट्या केल्या तेव्हा नियंत्रण-रेषा प्रत्येकीवर कमीजास्त आली आणि भागाकार विखुरला.

गोदाकाठ:
काळी_माती दादा, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचे उत्तर पट्टी देऊ शकणार नाही. पट्टी प्रथिन आहे की नाही, फार तर किती आहे, एवढेच दाखवते. गुलाबी बोंडअळीत त्या प्रथिनाला प्रतिकारशक्ती आलेली असेल तर रेघ गडद असूनही अळी जगते. त्यासाठी कामगंध सापळे लावून आणि बोंडे फोडून पाहणे हाच मार्ग आहे.

वेचणी ताई, तुमची अडचण वजाबाकीतच आहे. कागदावर पडणारा उजेड निम्मा झाला तर कोरा भाग आणि रेषा दोन्ही निम्म्याने काळवंडतात, म्हणून त्यांतील फरकही निम्मा होतो. उजेड हा गुणक आहे आणि वजाबाकी करून गुणक निघत नाही, भागाकाराने निघतो. तुमच्याच आकड्यांत 160 ला 200 ने भागले तर 0.80 येते आणि 103 ला 130 ने भागले तर 0.79. तेव्हा गुणोत्तर काढून त्याचा ऋण लॉगरिदम घ्यावा. ImageJ मधील ती आज्ञा उतार काढते, पण शेवटी वजाबाकीच करते. शिवाय तिची त्रिज्या रेषेच्या रुंदीपेक्षा लहान असली तर ती रेषेलाच पार्श्वभूमी समजते.

हिरवा रंग तुम्ही योग्य निवडला आहे. रेषेतील सोन्याचे सूक्ष्म कण सुमारे 520 ते 530 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतात आणि पानातील हरितद्रव्य तोच प्रकाश सर्वांत कमी शोषते. म्हणून पट्टीवर पसरलेली हिरवट झाक या मोजणीत फारशी आड येत नाही.

पार्श्वभूमी टोकाकडून घेऊ नये, रेषेच्या दोन्ही बाजूंनी घ्यावी. रेषेला लागूनच्या थोड्या पट्ट्याला हात लावू नये, कारण कॅमेरा रेषेची कड ठळक करण्यासाठी तिच्या शेजारी खोटी पांढरी किनार निर्माण करतो आणि ती पार्श्वभूमीत मिसळली तर रेषा आहे त्यापेक्षा गडद भासते. पट्टी फोटोत आडवी ठेवून मी असे करतो. येथे `t` म्हणजे रेषेचे स्थान आणि `r1`, `r2` म्हणजे पट्टीच्या रुंदीचा मधला भाग:

```python
import numpy as np, cv2
g = cv2.imread("strip.png")[:, :, 1] / 255.0
lin = np.where(g <= 0.04045, g/12.92, ((g+0.055)/1.055)**2.4)
p = np.median(lin[r1:r2, :], axis=0)
d = np.abs(np.arange(p.size) - t)
bg = (d > 14) & (d < 45)
x = np.arange(p.size)
k = np.polyfit(x[bg], np.log10(p[bg]), 1)
a = np.polyval(k, x) - np.log10(p)
print(a[d <= 10].max(), a[d <= 10].sum())
```

माझ्या फोटोंत एका मिलिमीटरला सुमारे वीस पिक्सेल पडतात, त्या हिशेबाने हे आकडे आहेत. तुमच्या फोटोप्रमाणे ते बदलावेत. तिसरी ओळ फोटोतील मूल्यांना प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात आणते. ती वगळली तरी दोन फोटो साधारण जुळतात, फक्त आकडे लहान येतात. एचडीआर मात्र बंदच हवे, कारण ते एकाच फोटोत जागोजागी वेगळा उजेड देते. कोरा भाग 255 ला टेकला असेल तर तो फोटो टाकून द्यावा, कारण तेथे खरा उजेड किती होता हे कळायला मार्ग उरत नाही.

वेचणी:
सर, मनापासून आभार. सर्वाधिक मूल्य खिडकीजवळ 0.215 आणि ट्यूबलाईटखाली 0.216 आले. एकशे पाच दिवसांच्या पानाचे 0.15 आले. एक गोष्ट मात्र उलटी दिसते. तीस दिवसांच्या पानाचे 0.19 आले, म्हणजे साठ दिवसांच्या पानापेक्षाही कमी. कोवळ्या पानात तर प्रथिन जास्त असायला हवे.

गोदाकाठ:
हा फोटोचा दोष नसावा. प्रथिन फारच जास्त असले तर ते सोन्याच्या कणांवरील आणि रेषेवरील अशा दोन्ही प्रतिपिंडांना वेगवेगळे व्यापून टाकते, त्यांच्यामध्ये सांधा जुळत नाही आणि रेषा उलट फिकी पडते. तोच अर्क त्याच द्रावणाने दहापट पातळ करून नवी पट्टी लावावी. रेषा गडद झाली तर कारण हेच आहे, आणि मग सर्व वयांची पाने तितकीच पातळ करून मोजावी लागतील.

वेचणी:
पातळ केल्यावर 0.24 आले. आता सर्व नमुने पुन्हा करते. एक शंका उरते. जुन्या पानांचा अर्क पट्टीवर चढताना तपकिरी होतो आणि तो डाग रेषेच्या एकाच बाजूला गडद असतो. तो सरळ उतारात बसतो का?

प्रतिमा_गणक:
सरळ रेषेऐवजी द्विघात वक्र बसवावा, म्हणजे `polyfit` मध्ये 1 च्या जागी 2.

गोदाकाठ:
वक्राने डाग जुळेल, पण फिकी रेषा असेल तर तो वक्र रेषेच्या जागी वर-खाली होऊन स्वतःच आकडा घडवू शकतो, याची मला धास्ती वाटते. माझ्याकडे याचे पक्के उत्तर नाही. पाकिटाबरोबर आश्रय-ओळींसाठी पूर्वी जे बिगर-बीटी बियाणे वेगळे मिळत असे, तशा बियाण्याची त्याच वयाची झाडे असतील तर त्यांच्या दहा पट्ट्या दोन्ही पद्धतींनी मोजून पाहाव्यात. तेथे रेषाच नसल्यामुळे जो आकडा येईल तो निव्वळ डागाचा असेल. त्या दहा आकड्यांच्या सरासरीत प्रमाण-विचलनाची तिप्पट मिळवल्यावर जे येईल, त्याच्या खालचे कोणतेही मूल्य रेषा म्हणून मांडू नये. पट्टीही ठरलेल्या मिनिटालाच टिपावी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती लवकर वाळते, वाळताना पांढरी पडते आणि रंग मागे ओढला जातो.

वेचणी:
महाविद्यालयाच्या शेतात बिगर-बीटीची एकच ओळ आहे आणि ती साठ दिवसांची आहे. एकशे पाच दिवसांची झाडे कुणाकडे असतील तर कृपया कळवावे.

काळी_माती:
माझ्या बांधाला दोन ओळी आहेत, वय शंभराच्या पुढे आहे. पाने कशी पाठवायची तेवढे सांगा.