डेटा कोणत्या पिनवर द्यायचा?

‘७४१३८ डीकोडरचा एकास-आठ डीमल्टिप्लेक्सर करायचाय. डेटाची पिनच दिसत नाही, तो द्यायचा कुठे?’

एनेबललाच द्या. G1 पाच व्होल्टला, G2B ग्राउंडला, डेटा G2A वर. C, B, A वर १०१ ठेवलंत की Y5 निवडला जातो. डेटा ० असताना Y5 वर ० येतो. डेटा १ झाला की चिप बंद, सगळी आउटपुट १. म्हणजे Y5 वर डेटा जसाच्या तसा. G1 वर दिलात तर मात्र उलटा निघतो.

वाशीत कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही एका सिरियल लाइनवर असेच आठ डिस्प्ले चालवले. ही लाइन रिकामी असताना १ वरच असते, त्यामुळे बाकीचे सात आपोआप गप्प राहतात. तरी मधूनच भलतीच अक्षरं उमटायची, कारण बाइट पुरता जायच्या आत आम्ही सिलेक्ट बदलत होतो. स्टॉप बिट संपू द्या, मगच बदला.