मदत हवी आहे: गाडी कोणत्या फलाटावर येईल आणि आपला डबा नेमका कुठे थांबेल, हे आधी कसे ओळखावे?

पाऊलवाट: येत्या आठवड्यात आईला रेल्वेने घेऊन जायचे आहे. तिला गुडघ्यांमुळे भरभर चालता येत नाही. आमचे आरक्षण बी-४ डब्यात आहे, गाडी मधल्या स्थानकावरून पकडायची आहे आणि तिथे ती दोनच मिनिटे थांबते. मागच्या वेळी डबादर्शक फलकावर आमचा डबा जिथे दाखवला होता तिथेच आम्ही उभे राहिलो होतो, पण गाडी आली तेव्हा तो डबा पाच डबे मागे थांबला आणि सामानासह धावावे लागले. फलाटाचा क्रमांक आणि डब्याची जागा यांसाठी नेमका कशावर भरवसा ठेवावा?

शिंपी_अण्णा: तिकीट प्रतीक्षायादीत असेल, तर तक्ता तयार झाल्यावर डबा क्रमांक कळतो. त्याआधी चौकशी करून उपयोग नाही.

पाऊलवाट: अण्णा, तिकीट निश्चित झालेले आहे आणि डबाही ठाऊक आहे. प्रश्न तो फलाटावर कुठे थांबेल, याचा आहे.

मालगाडी: सोपे आहे. एनटीईएस अॅपवर गाडीच्या डब्यांचा क्रम दिसतो. इंजिनापासून आपला डबा कितवा आहे ते मोजावे आणि तिथे उभे राहावे.

सिग्नल_हिरवा: मालगाडी यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. क्रम इंजिनापासून दिलेला असला, तरी वाटेत एखाद्या स्थानकात इंजिन दुसऱ्या टोकाला लागले, की तोच क्रम उलटा होतो. उदाहरणार्थ, मनमाडकडून पुण्याकडे जाणारी गाडी दौंड जंक्शनात शिरली, तर तिची दिशा उलटते. जंक्शनात न शिरता बाहेरून जाणाऱ्या कॉर्ड लाइनने गेली, तर उलटत नाही. म्हणून आपल्या स्थानकाच्या आधी गाडीची दिशा बदलते का, हे आधी पाहावे.

आता तुमचा हिशेब करू. गाडी २२ डब्यांची आणि बी-४ इंजिनापासून नववा आहे असे धरा. एलएचबी डबा साधारण २४ मीटर आणि इंजिन २० मीटर लांब असते, म्हणजे बी-४ ची सुरुवात इंजिनाच्या टोकापासून सुमारे २१२ मीटरवर येईल. क्रम उलटला, तर तोच डबा चौदावा होतो आणि अंतर ३३२ मीटर होते. फरक १२० मीटरचा, म्हणजे पाच डब्यांचा, आणि तुमचीही चूक नेमकी पाच डब्यांचीच झाली होती. हा योगायोग असू शकतो, पण मला क्रम उलटल्याचाच संशय येतो.

दिशेबद्दल खात्री नसेल, तर नवव्या आणि चौदाव्या डब्याच्या मधोमध उभे राहावे. मग कोणत्याही बाजूला साठ मीटरच चालावे लागते. गाडी आत शिरताना इंजिनामागचा तिसरा-चौथा डबा पाहावा. पहिले एक-दोन डबे पाहून फसगत होते, कारण पुष्कळ गाड्यांना दोन्ही टोकांना जनरल डबे असतात. पुढे शयनयान आले की वातानुकूलित, यावरून क्रम सरळ आहे की उलटा, हे कळते.

रातराणी: माझा अनुभव वेगळा आहे. क्रम बरोबर होता, पण ऐनवेळी फलाटच बदलला. घोषणा झाली तेव्हा मी जिन्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला होते आणि पूल ओलांडेपर्यंत गाडी सुटली.

सिग्नल_हिरवा: अॅपवरचा किंवा १३९ वर सांगितलेला फलाट अपेक्षित असतो, अंतिम नव्हे. गाडी उशिरा आली किंवा तिचा नेहमीचा मार्ग दुसऱ्या गाडीने अडवलेला असेल, तर तो बदलतो. मागच्या स्थानकावरून गाडी सुटल्याचे दिसले, की पुन्हा तपासावे. तोवर जिन्यापासून फार दूर जाऊ नये, विशेषतः आईंसोबत असताना. घोषणा आणि अॅप यांत फरक पडला, तर मी घोषणेवर विश्वास ठेवतो.

मालगाडी: मान्य. शिवाय अगदीच अंदाज चुकला, तर समोर येईल त्या आरक्षित डब्यात चढून आतून चालत जाता येते. मात्र जनरल डब्यात चढू नये, कारण तिथून पुढे जायचे दार बहुधा बंद असते.

पाऊलवाट: सर्वांचे आभार. आमच्या गाडीचा मार्ग पाहिला. आमच्या स्थानकाआधी एकदा दिशा बदलते आणि अॅपवरचा क्रम मात्र सुटण्याच्या स्थानकावरचाच दिसतो. त्यामुळे बी-४ चौदावा असे धरून उभी राहीन, फक्त मधल्या बाजूला थोडी सरकून. एक गोष्ट अजून कळली नाही: फलाटावरचा फलक तर आमच्याच स्थानकाचा होता, मग त्यावर उलटा क्रम का नव्हता?

सिग्नल_हिरवा: ते फलक कोण आणि कोणत्या माहितीवरून भरते, यावर अवलंबून आहे. गाडी यायच्या काही मिनिटे आधी फलक पुन्हा पाहा, मागच्या वेळी तो नंतर बदलला असण्याचीही शक्यता आहे.

पाऊलवाट: आम्ही अर्धा तास आधी एकदाच पाहिला होता.