मदत हवी आहे: परत आलेले नग विक्रीतून आपोआप वजा होतात, मूळ विक्री कशी काढू?

नौपाड्याची लेक
ठाण्यात नौपाड्याला आमचं कुर्त्यांचं दुकान आहे. माल परत आला की त्याच कोडवर उणे नग टाकून बिल करतो. महिनाअखेर सगळ्या ओळी एक्सेलमध्ये घेऊन पिव्होट काढते. या वेळी K-114 आणि K-131, दोन्हींसमोर ७२ नग, ६१,२०० रुपये. भाव दोन्हींचा ८५०. बाबा दोन्ही सारखेच मागवायला निघाले. पण काउंटरवर मी बसते, K-114 चा रंग जातो म्हणून बायका परत घेऊन येतात हे मी रोज बघतेय. ओळी हाताने मोजल्या, तर K-114 चे १२० विकले आणि ४८ परत आले. K-131 चा एकही परत नाही. हे रिपोर्टमध्येच कसं दिसेल?

घोडबंदरकर
शून्यापेक्षा जास्त नगांचा फिल्टर लाव. संपलं.

ऐरोली_होलसेल
आमच्याकडेही स्टॉक उणे दिसतो. खरेदीची नोंद राहिली की असं होतं, ती तपासा.

नौपाड्याची लेक
दादा, स्टॉक बरोबर आहे हो. प्रश्न विक्रीच्या आकड्याचा आहे.

जुना हिशेबनीस
नुसत्या फिल्टरने K-114 समोर १,०२,००० येतील आणि तोच सगळ्यात खपाऊ वाटेल. बाबा दुप्पट मागवतील! विक्री, परत आणि निव्वळ असे तीन रकाने ठेव. कोड B मध्ये, नग E मध्ये, रक्कम F मध्ये धरून पहिले दोन असे:

```
=SUMIFS(F:F,B:B,"K-114",E:E,">0")
=-SUMIFS(F:F,B:B,"K-114",E:E,"<0")
```

१,०२,००० मधून ४०,८०० गेले की तुझा जुना ६१,२०० आकडा आलाच पाहिजे. नाही आला तर कुठेतरी नग शून्य किंवा रिकामे राहून नुसती रक्कम पडली आहे.

आता खरी मेख. साइज बदलून दिलीस की एकाच बिलात एक नग उणे, एक अधिक पडतो. दोन्हींचा कोड एकच असेल तर विक्रीही फुगते, परतीही फुगते. एकाच बिल नंबरवर दोन्ही ओळी आहेत का, तेवढं बघ.

नौपाड्याची लेक
बघितलं काका. ४८ पैकी ९ साइजच्या अदलाबदलीचे निघाले. म्हणजे विक्री १११, परत ३९. तरीही शंभरात पस्तीस परत. बाबांनी K-114 ची ऑर्डर थांबवली.

पण चुकीचं बिल झालं की तेही आम्ही उणे नग टाकूनच रद्द करतो. या ३९ मध्ये तसे किती असतील?

जुना हिशेबनीस
कारण लिहिलेलं नसेल तर आता ते वेगळं काढता येणार नाही. परत बिलाची वेळ मूळ बिलानंतर पाच-दहा मिनिटांचीच असेल तर संशय घे, एवढंच. पुढच्या महिन्यापासून शेऱ्यात 'परत', 'बदल', 'रद्द' यातलं एक टाकत जा.

घोडबंदरकर
मे महिन्यात विकलेला कुर्ता जूनमध्ये परत आला तर तो कुठल्या महिन्यात धरायचा?

नौपाड्याची लेक
आम्ही परत आला त्या महिन्यात धरतो. मूळ बिल नंबर परतीच्या ओळीत येतच नाही.