बेकिंग क्लासच्या पहिल्या दिवशी काय आणायला सांगावं? (अनुभव धागा)

वर्षा_डोंबिवली
मी घरीच बेकिंगचे क्लास घेते, नवीन बॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना एक मेसेज पाठवते. या वेळी तो जरा नीट लिहायचाय. आधी मेसेज देते, मग तुम्ही सांगा की तुमच्या क्लासला काय आणायला सांगितलं होतं आणि त्यातलं खरंच कशाचं काम पडलं.

"नमस्कार मंडळी, क्लासमध्ये स्वागत! पहिल्या दिवशी बिनअंड्याचा दह्यातला व्हॅनिला स्पंज करायचाय. येताना 7 इंची गोल ॲल्युमिनियमचा डबा, मैद्याची बारीक चाळण, मेजरिंग स्पूनचा सेट, रबरी स्पॅच्युला, साधा व्हिस्क आणि बटर पेपर आणा. सामान : मैदा पाव किलो (लागणार 190 ग्रॅम, बाकी डब्याला भुरभुरायला), पिठीसाखर 150 ग्रॅम, ताजं घट्ट दही 1 कप, बिनवासाचं तेल अर्धा कप, बेकिंग पावडर, बेकिंग सोडा, व्हॅनिला इसेन्स. पावडर नि सोडा घरात उघडून पडलेले असतील तरी तेच आणा, आपण तपासू. वजनकाटा माझ्याकडे आहे. दही फ्रीजमधून तासभर आधी काढा. बीटर विकत घेऊ नका, या केकला लागत नाही."

मृण्मयी
आमच्या मॅडमच्या मेसेजमध्ये बीटर, टर्न टेबल, नोझलचा मोठा सेट, सिलिकॉनचे साचे असं सगळं होतं, आणि पहिले दोन क्लास नुसता स्पंजच. नोझल अजून पाकिटात आहेत. कामाला आले ते मेजरिंग स्पून, घरातला चमचा नि तो 5 मिलीचा यात केवढा फरक असतो ते तेव्हा कळलं. आणि हो, सिरपच्या बाटलीबरोबर येतं त्या टोपणावरही 5 मिलीची खूण असते, स्पून मिळेपर्यंत मी तेच वापरलं.

आबा_भट्टीवाले
माझी उमर बेकरीत गेली, म्हणून एकच सांगतो. वर्षाताई, काटा तुमच्याकडे आहे हे ठीक, पण मेसेजात लिहा की काटा घ्यायचाच आहे, आज नाही तर महिन्याने. कप म्हणजे काय हो, एकीने पिशवीतून दाबून भरला की 150 ग्रॅमच्या वर जातो, दुसरीने चाळून हलक्या हाताने भरून वरून सपाट केला तर 120 च्या आसपास. तुमच्या केकला दीड कप मैदा, म्हणजे एकीचा 180 आणि दुसरीचा 225-230. पाव हिस्सा मैदा जास्त! तो केक मधे फुगून फुटणार, कोरडा होणार, नि ती म्हणणार ओव्हन खराब आहे. भट्टीवर पूर्वी बायका नानकटाईचे ट्रे भाजायला घेऊन यायच्या ना, कुणाची पसरायची, कुणाची दगड व्हायची, भट्टी तीच आणि आच तीच.

सुप्रिया_नाशिक
बेकिंग पावडर आणि सोडा दोन्ही कशाला आणायचं? एकच तर असतं, सोडा जास्त स्ट्राँग म्हणून तिपटीचा हिशोब, एक चमचा पावडरऐवजी पाव-अर्धा चमचा सोडा टाकला की झालं. मी नेहमी तसंच करते आणि छान फुलतो केक.

वर्षा_डोंबिवली
@सुप्रिया, तिपटीचं खरं आहे, पण सोड्याला आंबट काहीतरी हवंच. तू दही घालत असशील म्हणून फुलतो. तोच हिशोब नुसत्या दुधाच्या केकला लाव, मग रंग काळपट तपकिरी आणि तोंडात साबणासारखी चव. पावडरमध्ये आम्ल आधीच असतं, ती दुधात पण चालते. आपल्या स्पंजमध्ये अर्धा चमचा सोडा आणि सव्वा चमचा पावडर, दह्यात साखर विरघळवून दोन्ही टाकायचे आणि पाच मिनिटं ठेवायचं, वर फेस यायला हवा. फेस नाही आला तर पावडर-सोड्यात दम नाही हे तिथेच कळतं. पावडर वेगळी बघायची तर चमचाभर गरम पाण्यात टाकायची, सोडा असेल तर लिंबू पिळायचं, जोरात फसफसलं तर ठीक.

आणि आबा, काट्याचं लिहिते. फक्त एक, घरगुती काट्यावर अडीच-तीन ग्रॅम सोडा नीट कळत नाही, म्हणून सोडा नि पावडर चमच्यानेच.

आबा_भट्टीवाले
कबूल.

लेस्टरकर
माझी गोष्ट जरा वेगळी आहे पण इथे बसते. आईकडून रेसिपी घेऊन लेस्टरला केक केला, दुकानात पिठाची पिशवी उचलली त्यावर सेल्फ रेजिंग लिहिलेलं, त्यात बेकिंग पावडर आधीच घातलेली असते हे आईच्या रेसिपीला कुठून माहीत असणार, वरून आईने सांगितलेली पावडर पण पडली, डब्याच्या काठावरून खाली ओव्हनच्या तळापर्यंत ओघळ, मधला भाग नंतर खड्ड्यात. तेव्हा ताई, परदेशातून ऑनलाइन बॅच घेत असाल तर मैदा म्हणून प्लेन फ्लार घ्या असं स्पष्ट लिहा.

रोहिणी_पु
7 इंची डबाच का? माझ्याकडे 6 इंची आहे, नवीन घ्यावा लागेल का? आणि बाकीच्या डब्यांचं काय करायचं, मिक्सरचं भांडं चालेल का?

वर्षा_डोंबिवली
मिक्सरचं भांडं नको गं 😄 6 इंची डबा चालेल, पण त्याचा तळ 7 च्या पाऊणपट पण भरत नाही (36 भागिले 49), तेव्हा पाव हिस्सा पीठ बाजूला काढ आणि कपकेकच्या कागदात घाल. डबा दोन तृतीयांशापेक्षा वर भरायचा नाही. 8 इंची असेल तर केक पसरट होईल, उंच हवा तर सगळं सामान सव्वापटीच्या थोडं पुढे न्यायचं.

गणेशराव
माझी बायको विचारतेय ओटीजी घ्यावा की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह? बजेट 8-10 हजार.

मृण्मयी
गणेशराव, धागा क्लासला काय आणायचं त्याचा आहे, ओटीजी खांद्यावर घेऊन येताय का? 😂

वर्षा_डोंबिवली
असू दे, पण एक सांगते. कोणताही घ्या, आत लटकवायचा छोटा थर्मामीटर घ्या. बटण 180 वर असतं आणि आतला खरा आकडा बराच वर किंवा खाली असू शकतो. माझ्या बॅचमधल्या एकीचा केक वरून काळा आणि आत ओला यायचा, मीटर ठेवला तर 180 वर 210 दाखवत होता. बटण 155 च्या आसपास आणल्यावर 35-40 मिनिटांत नीट झाला.

आबा_भट्टीवाले
मीटर बिटर सगळ्यांना लागत नाही. भट्टीत मूठभर मैदा ट्रेवर टाकायचा, किती वेळात तांबूस होतो ते बघायचं, आम्ही असंच शिकलो.

सुप्रिया_नाशिक
त्या तांबूसवर तुमची नजर बसली आहे आबा, आमची कुठे? मी तर मीटर घेणार.

अनघा_कोथरूड
ताई, मेसेजात क्रीम लिहू नका निदान मे महिन्यात तरी. आमच्या क्लासला व्हिपिंग क्रीम आणायला सांगितलेलं, रिक्षातून येईपर्यंत पूर्ण पातळ आणि कोमट, कितीही फेटलं तरी टोकं उभी राहिनात. एकीने तर पाकिटातलं फ्रेश क्रीम आणलं, त्यात फॅट 25 टक्के, ते काय फुलणार! नंतर मॅडमनी स्वतःच आणून फ्रीजमध्ये ठेवायला सुरुवात केली, थोडे बर्फाचे कण उरलेले असतानाच फेटायला घ्यायचे, भांडं पण गार.

वर्षा_डोंबिवली
क्रीम तिसऱ्या दिवशी आहे, तेव्हा माझंच. मेसेजात आता काट्याची ओळ, 6 इंची डब्याचं आणि साध्या मैद्याचं वाढवतेय. व्हिस्क काढू का? फोर्कने पण होतं म्हणतात.

रोहिणी_पु
नका काढू, मी आणलाय आधीच.