मदत हवी आहे: विद्यार्थ्यांच्या डॉक्युमेंटरीला मार्क कसे द्यायचे? दोन फिल्म, माझे मार्क मलाच पटत नाहीयेत

वर्गातली_बाई:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात मास मीडियाच्या मुलांना शिकवते. सेकंड इयरला दहा मिनिटांची डॉक्युमेंटरी असते, सहा जणांचा ग्रुप, १०० मार्क. कथानक, संशोधन, एडिटिंग, साउंड आणि टीमवर्क, प्रत्येकी २०. यंदा विषय होता १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर.

ग्रुप अ ची फिल्म बघितली आणि मी खूश झाले, खडकवासल्यावरचे ड्रोन शॉट, मस्त निवेदन, जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, म्युझिक. दिले ८२ (१७, १४, १८, १७, १६). ग्रुप ब ने गोखलेनगर घेतलं, पूरग्रस्तांना तिथे निसेन हट मध्ये ठेवलं होतं ना, तिथल्या तीन आज्यांशी बोलले. पण आवाजात सतत पंख्याची घरघर, चित्र हलतंय, एक कुकरची शिट्टी अख्खी आलीये. दिले ६१ (१३, १६, १२, ७, १३). आता गोम अशी की आठवडा झाला तरी मला ग्रुप ब च्याच फिल्ममधली वाक्यं आठवतायत आणि अ मधलं ड्रोन सोडून काहीच आठवत नाहीये. मार्क अजून भरलेले नाहीत. कुठे चुकतंय माझं?

खटपट्या:
ताई मोबाईलवर एडिट करायचं असेल तर फ्री अ‍ॅप खूप आहेत, आणि पंख्याचा आवाज नॉइज रिडक्शनने एका क्लिकवर जातो. मुलांना सांगा.

वर्गातली_बाई:
@खटपट्या धन्यवाद, पण एडिट मला नाही करायचंय, झालेल्या फिल्मला मार्क द्यायचेत.

कटिंग_चहा:
मी वीस वर्षं एडिट टेबलवर आहे, दोन कॉलेजात परीक्षक म्हणून जातो. मॅडम, तुम्ही फिल्म एकदाच बघून पाचही रकाने भरलेत, बरोबर? मग पहिल्या दोन मिनिटांत जे आवडलं ते पाचही रकान्यांत सांडतं. ड्रोन आवडला म्हणून साउंडला पण १७.

मी तीनदा बघतो. पहिल्यांदा नुसती, पेन खाली ठेवून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि दर मिनिटाला एकच ओळ लिहितो की या मिनिटात मला नवीन काय कळलं. तिसऱ्यांदा स्क्रीन झाकून फक्त ऐकतो, आणि जिथे शब्द हुकला तिथे वेळ टिपून ठेवतो. दहा मिनिटांची फिल्म आहे, सगळं मिळून पाऊण तास जातो. हे दोन्ही फिल्मना करा आणि इथे लिहा काय सापडतं ते, मग बोलू.

सदाशिव_पेठी:
माझं मत थोडं वेगळं आहे, शेवटी हे व्हिडिओ माध्यम आहे, चित्र हलतंय आणि आवाज ऐकू येत नाही तर कितीही रिसर्च असला तरी उपयोग काय? टेक्निकल नीट नसेल तर निम्मे मार्क गेलेच पाहिजेत. बाकी मुलांनी फोटो छान शोधलेत हे चांगलं केलं.

वर्गातली_बाई:
काल रात्री बसले, सांगितलं तसं केलं.

अ ची ओळ-ओळ लिहिताना चौथ्या मिनिटानंतर कागद कोराच. पाणी आलं, नुकसान झालं, लोक घाबरले, हेच तीनदा. तोच ड्रोन शॉट थोडा उलटसुलट करून नऊ वेळा वापरलाय. मग संशोधन तपासलं. निवेदनात वाक्य आहे, "पुणेकर गाढ झोपेत असताना पाणी शिरलं". अहो पानशेत फुटलं सकाळी, पाणी दिवसाढवळ्या आलं, उलट दिवस होता म्हणून कितीतरी लोक वेळेवर बाहेर पडू शकले. आणि एक फोटो थांबवून मोठा करून बघितला तर मागे मोबाईल टॉवर! अलीकडच्या कुठल्यातरी पुराचा रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून १९६१ म्हणून लावलाय. मी पहिल्यांदा त्याच फोटोचं कौतुक केलं होतं, फार वाईट वाटलं.

ब मध्ये प्रत्येक मिनिटाला काहीतरी नवं. तिघी आज्या "दुसरं पाणी" कधी आलं याच्या वेगवेगळ्या वेळा सांगतात आणि मुलांनी ते दडपलं नाही, तिन्ही एकामागे एक ठेवलेत, मग एका वाड्याच्या भिंतीवरची पाण्याची खूण दाखवलीय. पण स्क्रीन झाकून ऐकताना सात ठिकाणी शब्द हुकले.

कटिंग_चहा:
छान पकडलंत. दुसरं पाणी म्हणजे पानशेतच्या पाण्याने खाली खडकवासला फुटलं त्यानंतरचं, त्यामुळे आठवणी वेगळ्या असणारच. ते जसंच्या तसं ठेवणं हे संशोधनही आहे आणि कथानकही.

साउंडचं एक बघा. अ चा आवाज स्वच्छ का आहे? निवेदन बंद खोलीत रेकॉर्ड केलंय, आणि खऱ्या माणसाचा आवाज फिल्ममध्ये किती सेकंद आहे ते मोजा. ब ने म्हाताऱ्या माणसांच्या घरात जाऊन रेकॉर्ड केलं, ते अवघड. तरी सूट देऊ नका, कारण चूक टाळता येण्यासारखी होती: पंखा पाच मिनिटं बंद करा म्हणायचं आणि फोन छातीपासून वीतभर ठेवायचा. @खटपट्या, नॉइज रिडक्शन जास्त मारलं की माणूस डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो, एका क्लिकवर नाही जात. हुकलेल्या सात जागांपैकी किती ठिकाणी सबटायटल आहेत? असतील तर मुलांना अडचण कळली होती, त्याचे दोन मार्क द्या.

@सदाशिव_पेठी, निम्मं बरोबर. ऐकू आलं नाही तर मार्क जायलाच हवेत, पण साउंडच्या रकान्यातले, संशोधनातले नाही.

वर्गातली_बाई:
अ मध्ये खरी माणसं एकूण ४० सेकंद! ब मध्ये सातपैकी पाच ठिकाणी सबटायटल आहेत. आता टीमवर्क. ब चं सगळं एडिट एकाच मुलीच्या लॅपटॉपवर झालंय, बाकीच्यांना काय द्यायचं?

मुलीची_आई:
माझ्या मुलीच्या ग्रुपमध्ये हेच झालं, तिने रात्र रात्र जागून एडिट केलं आणि सगळ्यांना सारखे मार्क. खूप रडली. एडिट करणाऱ्यालाच जास्त द्या प्लीज.

अध्यापक_सांगली:
आम्ही प्रत्येकाला १०० पॉइंट देतो, स्वतःला सोडून बाकी पाच जणांत वाटायचे, चिठ्ठीवर, गुपचूप. सरासरी २० येते. कुणाला २६ मिळाले तर त्याचं काम जास्त, कुणाला ११ तर कमी. पण यावरून पूर्ण मार्क ठरवू नका, मित्रमित्र मिळून एकमेकांना वाटतात. आम्ही यातून फक्त १० मार्क ठरवतो, उरलेले १० तोंडी. तोंडीला एकच सांगायचं, फिल्ममधला एक कट दाखव जो तू सुचवलास, आणि एक जो काढून टाकलात तो का काढला. ज्याने काम केलंय तो लगेच बोलतो. ताई (मुलीची_आई), तुमची तक्रार रास्त आहे, पण मुलाखती लिहून काढणं, आज्यांची परवानगी मिळवणं, पाच तासांच्या फुटेजची यादी करणं हेही काम लॅपटॉपवर दिसत नाही.

वर्गातली_बाई:
हे करते. टीमवर्क सोडून ८० पैकी आता असं आलंय: अ कथानक १३, संशोधन ८, एडिटिंग १३, साउंड १५, म्हणजे ४९. ब चे १६, १७, १२, ९, म्हणजे ५४. टीमवर्क तोंडी झाल्यावर प्रत्येकाचं वेगळं.

एकच अडलंय, तो टॉवरवाला फोटो. त्याचे मार्क फक्त संशोधनात कापले, पण तो मुद्दाम केलाय की कुणीतरी गूगलवरून उचलून फिल्टर मारला, हे मला माहीत नाही. मुद्दाम असेल तर अख्खी फिल्म परत करायला लावावी का?

कटिंग_चहा:
मी असतो तर परत करायला लावली असती, फोटो काढून आणि झोपेचं वाक्य दुरुस्त करून, मग मार्क.

अध्यापक_सांगली:
मी नसती लावली. आधी प्रोजेक्ट फाइल उघडून तो फोटो कोणत्या फोल्डरमधून आलाय, मूळ रंगीत फाइल तिथे आहे का ते बघा, आणि ज्याने टाकला त्याच्याशी एकट्याशी बोला. सेकंड इयर आहे.

वर्गातली_बाई:
सोमवारी तोंडी आहे, फाइल घेऊन यायला सांगितलंय सगळ्यांना. काय निघतं ते लिहिते इथे.