पैसा १० टक्के वाढला, मग चलन त्याहून जास्त का पडतं?

चक्रवाढ: मध्यवर्ती बँकेने पैसा १० टक्के वाढवला तर चलन १० टक्केच पडायला हवं. त्याहून जास्त पडतं ते सट्टेबाजांच्या घबराटीमुळे. त्याला ओव्हरशूटिंग म्हणणं ही अर्थतज्ज्ञांची सारवासारव.

सडेतोड: राहवलं नाही म्हणून लांबड लावतोय. घबराट लागतच नाही रे, सगळे थंड डोक्याने हिशोब करणारे असले तरी हेच होतं, अर्थतज्ज्ञ डॉर्नबुशने १९७६ मध्ये नेमकं हेच दाखवलं. परकीय चलन १०० ला मिळतंय आणि दोन्हीकडे व्याज ५ टक्के, असं धर. पैसा कायमचा १० टक्के वाढला म्हणजे सगळं स्थिरावल्यावर भाव १० टक्के वर आणि दर ११०, इथवर तुझं बरोबर. पण मालाचे भाव आज हलत नाहीत. जुन्याच भावांत एवढा जास्तीचा पैसा लोकांनी बाळगायचा तर व्याज उतरावं लागतं, समजा ३ वर आलं. इथे ३, बाहेर ५, मग इथे पैसा ठेवेल कोण? उरलेले २ टक्के इथलं चलन वधारून मिळणार असतील तरच ठेवेल. दर आज ११० वरच थांबला तर चलनाला पुढे वधारायला जागाच उरत नाही. म्हणून तो आजच ११० च्या पलीकडे उडी मारतो. व्याजातला फरक वर्षभर टिकून मिटणार असेल तर साधारण ११२, दोन वर्षं टिकणार असेल तर ११४ च्या वर. मग भाव चढतात तसं व्याज वर येतं आणि दर ११० कडे उतरतो.

आयातवाली: उतरतो म्हणे! मी मशीनचे सुटे भाग मागवते. दर उडाला त्याच आठवड्यात बिल भरायचं होतं, पुरवठादार एक दिवस थांबायला तयार नाही. वर बँकेने स्क्रीनवरच्या दरावर आपलं मार्जिन चढवलं, विचारलं तर म्हणे आजचा कार्ड रेट हाच आहे.

चक्रवाढ: हेच म्हणतोय मी, बँकाच लुटतात!

निवांत: ताई, मार्जिन आधी लेखी मागायचं, दोन बँकांना विचारलं की लगेच कमी करतात. आणि पुढच्या तारखेचा दर आजच बांधून देणारं फॉरवर्ड का नाही घेतलंत?

आयातवाली: बिल त्याच आठवड्यात होतं हो, फॉरवर्ड कसलं घेणार? आणि मार्जिन तर फॉरवर्डवरही लावतात.

सडेतोड: अहो, मार्जिन घेणाऱ्यालाही लागतं आणि विकणाऱ्यालाही, त्याने दर ११२ वर जात नाही. बँकांचं भांडण दुसऱ्या धाग्यात काढा ना. फॉरवर्डचं मात्र बघण्यासारखं आहे. स्पॉट म्हणजे आजचा दर ११२ असताना वर्षभराचा फॉरवर्ड ११० च्या आसपासच मिळेल, कारण तो त्याच व्याजाच्या फरकावर बेततात.

मीनल: कागदावर छान आहे. पण आयशेनबाम आणि इव्हान्सनी १९९५ मध्ये अमेरिकेचे आकडे तपासले तर डॉलर एका दमात उडी मारत नाही, महिनोन्‌महिने एकाच दिशेने सरकतो, शिखर फार उशिरा येतं. शिवाय उत्पादन लगेच वाढलं तर पैशाची मागणीही वाढते, व्याज फारसं उतरत नाही, मग ओव्हरशूटिंग होईलच असंही नाही.

चक्रवाढ: ठीक आहे, घबराट लागतेच असं नाही, एवढं मान्य. पण शिखर उशिरा येतं म्हणजे एकामागोमाग धावणारा सट्टेबाजांचा कळप आहेच ना?

सडेतोड: दर असा सरकत जाणं डॉर्नबुशच्या मांडणीत बसत नाही, हे खरं. धक्का कायमचा की तात्पुरता हे लोकांना उशिरा उमगतं, असं एक उत्तर देतात. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण तुझा कळपही त्याने सिद्ध होत नाही.